बरगड्या लागतात, पण कशा? पाच आणि सातमधला फरक

सांगलीतल्या माझ्या दवाखान्यात गुबगुबीत लॅब्राडॉर आला की मालकाचं एक वाक्य ठरलेलं असतं, "बरगड्या लागत्यात की, डॉक्टर." खोटं बोलत नाहीत ते. त्यांनी बोटं रुतवलेली असतात आणि खाली कुठेतरी हाड लागलेलं असतं. पण कुत्रं बारीक की जाड हे सांगायला आम्ही एक ते नऊ असा जो स्कोअर देतो, एक म्हणजे खंगलेलं आणि नऊ म्हणजे लठ्ठ, तो हाड लागण्याचा नसतो. हाडापर्यंत पोचायला बोटाला किती चरबी ओलांडावी लागली, याचा असतो. नऊच्या मोजपट्टीवर पाच आणि सात यांच्यात एवढाच फरक आहे, आणि गोंधळ नेमका तिथेच होतो.

खंगलेल्या कुत्र्याबद्दल फार सांगायला नको. एक-दोन स्कोअरचं कुत्रं तुम्ही स्टँडच्या मागे रोज पाहता. बरगड्या, कमरेचे मणके, ढुंगणाची हाडं लांबूनच मोजता येतात. आठ-नऊही ओळखू येतो, कारण शेपटीच्या मुळाशी चरबीची उशी झालेली असते आणि कंबर नावाची गोष्टच उरलेली नसते. या दोन टोकांना कोणी चुकत नाही. सातला मात्र भलेभले 'तब्येत चांगली आहे' म्हणतात.

आता हात कसा लावायचा ते. कुत्रं उभं हवं. बसलेल्या किंवा लोळलेल्या कुत्र्याची कातडी आणि चरबी भलतीकडे सरकते. मागे उभे राहून दोन्ही अंगठे पाठीच्या कण्यावर टेकवा, बाकीची बोटं पसरून खांद्यामागे बरगड्यांवर सपाट ठेवा आणि पुढे-मागे फिरवा. मांजराला गोंजारताना जेवढा जोर असतो, तेवढाच. बोटांची टोकं रुतवायची नाहीत. रुतवली की सातचं कुत्रं पाचचं वाटतं, आणि मालक खूश होऊन घरी जातो.

पातळ चादरीखाली पेन्सिली ओळीने मांडल्या आहेत असं समजा. वरून हात फिरवला की एकेक पेन्सिल वेगळी कळते, दाबावं लागत नाही. हा पाच. त्याच पेन्सिलींवर वाकळ टाका. आता त्या आहेत हे कळतं, पण मोजायच्या तर दाबावं लागतं. हा सात. मधला सहा म्हणजे चादरीऐवजी सोलापुरी चादर: पेन्सिली मोजता येतात, पण वर काहीतरी जाडसर आहे हे जाणवतं.

स्वतःच्या हातावर खात्री करून घ्या. डावा हात सपाट, सैल धरा आणि उजव्या हाताची बोटं त्याच्या पाठीवरून, बोटांच्या मुळाशी फिरवा. हाडं सहज लागतात, वर पातळ आवरण आहे. पाच असा लागतो. आता हात उलटा करून तळव्याकडून तीच हाडं शोधा. दाबल्याशिवाय सापडत नाहीत. कुत्र्याच्या बरगड्या तशा लागल्या तर ते जाड आहे. मूठ वळून टेंगळांवरून बोट फिरवलंत तर जे टोचतं, ते बारीक कुत्रं. खोलीत कुत्रं नसलं तरी मी मालकाला हे आधी करायला लावतो, कारण एकदा बोटांना कळलं की पुन्हा समजवावं लागत नाही.

कंबर दुसरी साक्ष. वरून पाहिलं की शेवटच्या बरगडीनंतर शरीर आत गेलेलं दिसायला हवं. पाचमध्ये ते दिसतं, सातमध्ये जेमतेम दिसतं किंवा दिसतच नाही. बाजूने पाहून पोटाचा चढ मी शेवटी धरतो, कारण तो दोन्हीकडून फसवतो. लॅब्राडॉरच्या मागच्या मांडीपुढे कातडीची सैल घडी असते, तिला लोक पोट समजतात. उलट खोल छातीच्या डॉबरमनचं पोट तो जाड झाला तरी वर चढलेलंच दिसतं. म्हणून आधी हात, मग डोळा. पॉमेरियनसारख्या केसाळ कुत्र्यात तर डोळ्याचा उपयोगच नाही. केसांच्या आत बोटं घालून कंबर चाचपावी लागते.

नुसत्या डोळ्यावर विसंबल्यानेच जत, आटपाडीकडच्या कारवानी कुत्र्यावर अन्याय होतो. कातडी पातळ, केस आखूड, अंग पळण्यासाठी घडलेलं. शेवटच्या एक-दोन बरगड्या दिसल्या तरी पाठीवर आणि मांडीवर स्नायू भरलेले असले तर त्याचा स्कोअर चार किंवा पाच असू शकतो. बरगड्या झाकायला त्याला तूप-भाकरी चारू नका, एवढंच सांगेन. मांडी आत गेली असेल आणि कण्याच्या दोन्ही बाजूंना खळगे पडले असतील, तर मात्र गोष्ट वेगळी.

आकड्यांचा एक गोंधळ पटकन उरकतो. नऊपैकी नऊ म्हणजे पूर्ण गुण नव्हेत! आदर्श मध्यावर आहे, चार-पाचवर. काहीजण पाचची मोजपट्टी वापरतात; तिथे आदर्श तीन, आणि पाच म्हणजे लठ्ठपणाचं टोक. त्यामुळे फाइलवर नुसतं '५' लिहिणाऱ्याचा मला राग येतो. '५/९' लिहा. मला नऊचीच पट्टी पसंत आहे, कारण सहा दिसल्या दिसल्या धरता येतो.

सहा धरायचा कशाला, असं विचारणाऱ्यांसाठी एक अभ्यास आहे, 2002 साली प्रसिद्ध झालेला. 48 लॅब्राडॉर पिल्लांच्या जोड्या लावल्या आणि जोडीतल्या एकाला आयुष्यभर दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी खाणं दिलं. कमी खाणाऱ्या गटाचा सरासरी स्कोअर पाचच्या जरा खाली होता, दुसऱ्याचा सातच्या जरा खाली. कमी खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य 13 वर्षं निघालं, दुसऱ्यांचं 11.2. ते दुसरे कुत्रे काही अगडबंब नव्हते. आपल्याकडे त्यांना 'भरलेला' म्हणतात.

आता एक उदाहरण. विश्रामबागेतल्या एका काकींची पाच वर्षांची, नसबंदी झालेली लॅब्राडॉर. वजन 36 किलो. हलक्या हाताला बरगड्या लागेनात, दाबल्यावर लागल्या; शेपटीच्या मुळाशी जाडी, वरून कंबर जेमतेम. सात. पाचच्या वरचा प्रत्येक अंक साधारण 10 टक्के जास्त वजन सांगतो, म्हणजे ती योग्य वजनापेक्षा 20 टक्के जड. इथे लोक 36 मधून 20 टक्के वजा करतात, ते चूक. जास्तीचं वजन योग्य वजनावर मोजलेलं आहे, म्हणून 36 ला 1.2 ने भागायचं: 30 किलो.

काकी म्हणाल्या, "अहो, वाटीभरच खाते ती." वाटी मागवली, ती पाव किलो मावणारी निघाली. दिवसाला दोनदा, वर चहाबरोबर बिस्किटं आणि रात्री तुपाची पोळी. 30 किलोच्या कुत्रीला वजन उतरवताना दिवसाला सुमारे 900 किलोकॅलरी पुरतात. तिच्या कोरड्या खाद्याच्या पिशवीवर 100 ग्रॅमला 350 लिहिलं होतं, म्हणजे 250 ग्रॅमच्या आसपास, काट्यावर तोलून. बिस्किटं, पोळी बंद. आठवड्याला एक टक्का, म्हणजे सुरुवातीला 350 ग्रॅमच्या आसपास उतरलं की मी समाधानी. तोलून घालूनही काटा हलला नसता तर थायरॉइडची तपासणी केली असती.

पाच महिन्यांनी ती 30.5 किलोवर आली. मी हात लावण्याआधी काकींनीच अंगठे कण्यावर टेकवले, बोटं फिरवली आणि म्हणाल्या, "आता चादर."