टॉवेलच्या दोन बिलांवरून समजून घ्या इनपुट टॅक्स क्रेडिट

सोलापूरच्या चाटी गल्लीतलं एक कापड दुकान धरू. दुकानदाराने ऑगस्टमध्ये एमआयडीसीतल्या एका कारखान्याकडून 400 टॉवेल 200 रुपये दराने घेतले. माल 80,000 चा, त्यावर 5 टक्के जीएसटी 4,000, म्हणजे सीजीएसटी 2,000 आणि एसजीएसटी 2,000. दुसऱ्या कारखान्याकडून 40,000 च्या चादरी आल्या, त्यावर कर 2,000. त्याच महिन्यात सोलापुरातच 1,50,000 ची विक्री झाली. गिऱ्हाइकांकडून 7,500 कर गोळा झाला.

हे सगळे 7,500 सरकारला द्यायचे नसतात. खरेदीत भरलेले 6,000 वजा करून उरलेले 1,500 भरायचे. ही वजावट म्हणजेच इनपुट टॅक्स क्रेडिट.

पण दुकानदाराने 14 सप्टेंबरला जीएसटी पोर्टलवर `GSTR-2B`, म्हणजे पुरवठादारांनी चढवलेल्या बिलांचं महिन्याचं विवरण उघडलं, तर त्यात टॉवेलचं बिल होतं, चादरीचं नव्हतं. चादरवाला तीन महिन्यांनी रिटर्न भरतो. अशांना तिमाहीच्या मधल्या महिन्यातही बिलं चढवायची सोय असते, पण ऑगस्टचं बिल त्याने तिथे चढवलं नव्हतं. फायलीत पक्कं बिल आहे, माल गोदामात आहे, तरी `GSTR-2B` मध्ये दिसत नाही तोवर त्याचं क्रेडिट घेता येत नाही. म्हणून 20 सप्टेंबरपर्यंत भरायच्या `GSTR-3B` या महिन्याच्या कर-रिटर्नमध्ये 7,500 वजा 4,000, म्हणजे 3,500 भरावे लागले. अडकलेले 2,000 बुडाले नाहीत. चादरवाल्याने ऑक्टोबरमध्ये तिमाही रिटर्न भरलं, की पुढच्या `GSTR-2B` मध्ये ते येतात. तोवर आपलं भांडवल अडकतं, एवढंच. (विक्रेत्याने आपला जीएसटी नंबर चुकीचा टाकला तरी बिल असंच गायब होतं. ते त्यालाच दुरुस्त करायला लावावं लागतं.)

क्रेडिट घ्यायला तुमची स्वतःची नियमित जीएसटी नोंदणी हवी. कंपोझिशनवाल्याला, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरायची सोपी योजना घेतलेल्या छोट्या व्यापाऱ्याला, हे क्रेडिट नाही, आणि कंपोझिशनवाल्याकडून घेतलेल्या मालावरही नाही, कारण तो बिलात कर लावतच नाही. कागद म्हणून तुमचा जीएसटी नंबर घातलेलं टॅक्स इनव्हॉइस लागतं. कच्च्या चिठ्ठीवर काही मिळत नाही. माल प्रत्यक्ष हातात आलेला असावा, त्यामुळे डिलिव्हरी चलन, ई-वे बिल जपून ठेवा.

आपल्याकडे धंदा उधारीवर चालतो, तिथे एक जागा चुकते. बिलाच्या तारखेपासून 180 दिवसांत पुरवठादाराला पैसे दिले नाहीत, तर घेतलेलं क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं. उधारी चुकवल्यावर ते क्रेडिट पुन्हा घेता येतं, व्याज मात्र गेलं ते गेलं. दिवाळीच्या मालाची उधारी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ताणणाऱ्यांनी बिलावरच 180 वा दिवस पेन्सिलने लिहून ठेवावा.

राहिलेलं क्रेडिट घ्यायची शेवटची मुदत आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या 30 नोव्हेंबरची. त्याआधी वार्षिक रिटर्न भरलं, तर मुदत तिथेच संपते.