सरासरी स्मृती-प्रवेश काळ (द्विस्तरीय कॅशे)

प्रोसेसरने स्मृतीकडे केलेली एक मागणी पूर्ण होण्यास सरासरीने लागणारा वेळ. तो सायकलमध्ये किंवा नॅनोसेकंदात मोजतात. प्रोसेसर आणि मुख्य स्मृती यांच्यामध्ये कॅशेचे, म्हणजे लहान पण जलद स्मृतीचे, दोन स्तर असतील, तर पुढील सूत्र वापरतात :

```
AMAT = T1 + M1 × (T2 + M2 × TM)
```

यात `T1` व `T2` हे त्या त्या स्तरावरील हिटचे, म्हणजे मागितलेली माहिती तेथे सापडण्याचे, काळ, `M1` व `M2` हे मिसचे, म्हणजे ती न सापडण्याचे, दर (१ वजा हिट-दर) आणि `TM` ही मुख्य स्मृतीपर्यंत जावे लागल्यास पडणारी पेनल्टी होय. कंसातील संपूर्ण राशी म्हणजे पहिल्या स्तराची मिस-पेनल्टी.

कॅशेच्या कल्पनेचे श्रेय सामान्यतः मॉरिस विल्क्स यांच्या १९६५ मधील ‘स्लेव्ह मेमरी’वरील टिपणाला देतात. आयबीएमच्या सिस्टिम/३६० मॉडेल ८५ या १९६८ च्या सुमाराच्या यंत्रात ती व्यापारी रूपात आली. वरील मांडणी अभ्यासक्रमांत रूढ झाली ती मुख्यतः १९९० नंतर, हेनेसी आणि पॅटरसन यांच्या पाठ्यपुस्तकामुळे, असे मानण्यास हरकत नाही.

उदाहरण : पहिल्या स्तराचा हिट-काळ १ सायकल व हिट-दर ९५%, दुसऱ्याचा हिट-काळ १० सायकल व हिट-दर ८०%, मुख्य स्मृतीची पेनल्टी १०० सायकल. आकडेमोड आतून बाहेर करावी. दुसऱ्या स्तरावर ०.२ × १०० = २०, त्यात १० मिळवून ३०. मग ०.०५ × ३० = १.५, त्यात १ मिळवून उत्तर २.५ सायकल. ताळा १,००० मागण्या धरून घेता येतो. सर्व १,००० मागण्या पहिल्या स्तराचा १ सायकल घेतात. त्यांतील ५० दुसऱ्या स्तरावर उतरून प्रत्येकी आणखी १० घेतात आणि शेवटी उरलेल्या १० मागण्या प्रत्येकी १०० घेतात. बेरीज १,००० + ५०० + १,००० = २,५०० सायकल.

येथे ८०% हा स्थानिक दर आहे. म्हणजे दुसऱ्या स्तरापर्यंत पोहोचलेल्या ५० मागण्यांपैकी ४० तेथे भागल्या. छेदस्थानी प्रोसेसरच्या सर्व मागण्या घेतल्यास मिस-दर १% येतो. तो जागतिक दर, आणि तो ०.०५ × ०.२ इतका असतो. सूत्रात कंसाच्या आत स्थानिक दरच लागतो. तेथे चुकून १% घातल्यास उत्तर १.५५ येते आणि मुख्य स्मृतीचा भार जवळजवळ नाहीसा होतो. उलट २०% हा जागतिक दर समजून १ + ०.०५ × १० + ०.२ × १०० असे मांडल्यास २१.५ येतात. ही दुसरी चूक लगेच पकडता येते, कारण दुसरा स्तर काढून टाकला तरी उत्तर १ + ०.०५ × १०० = ६ सायकलच येते. स्थानिक मिस-दर २०% इतका मोठा दिसतो, याचा अर्थ दुसरा स्तर निकामी आहे असा नव्हे. सहज सापडणाऱ्या मागण्या पहिल्या स्तरानेच गाळून घेतलेल्या असतात आणि खाली अवघड तेवढ्या येतात. वरील आकड्यांत दुसऱ्या स्तराचा स्थानिक हिट-दर १०% पेक्षा अधिक असला, की तो स्तर फायद्याचा ठरतो.

खरा मतभेद आहे तो प्रवेशाच्या पद्धतीबद्दल. काही पाठ्यपुस्तके सर्व स्तरांत शोध एकदमच सुरू होतो असे धरतात आणि प्रत्येक मागणीला ती जेथे सापडली त्या स्तराचाच काळ लावतात. तसे केल्यास ०.९५ × १ + ०.०४ × १० + ०.०१ × १०० = २.३५ सायकल. क्रमाने शोध धरल्यास हेच काळ १, ११ व १११ होतात आणि पुन्हा २.५ मिळतात. गेटसारख्या परीक्षांच्या प्रश्नांत पद्धत सांगितलेली नसली, की वाद होतो तो याच फरकावरून. खालचा स्तर सहसा मिस झाल्यावरच जागा होतो, म्हणून क्रमिक मांडणी अधिक ग्राह्य वाटते. मात्र दुसऱ्या स्तराचा दिलेला काळ ‘प्रोसेसरपासून एकूण’ असा असेल, तर त्यात पहिल्याचा काळ आधीच आलेला असतो. तो पुन्हा मिळवू नये.

लेखनाचा खर्च या सूत्रात आपोआप येत नाही. दुसऱ्या स्तरातून बाहेर पडणाऱ्या ब्लॉकपैकी २५% बदललेले असतील, ते परत लिहिण्यास १०० सायकल लागत असतील आणि मध्ये राइट-बफर नसेल, तर पेनल्टी १२५ धरावी लागते व उत्तर २.७५ होते.

सूचनांचा क्रम बदलून चालवणाऱ्या प्रोसेसरमध्ये अनेक मिस एकाच वेळी प्रलंबित राहू शकतात. तेथे प्रोसेसर प्रत्यक्षात थांबून राहतो तो वेळ या सरासरीवरून काढलेल्या वेळेपेक्षा कमी भरतो.