मावशी कोणाला म्हणायचं आणि काकू कोणाला?

आईवडिलांच्या पिढीतल्या नातेवाइकांसाठी मराठीत सहा शब्द रोजच्या वापरात आहेत: काका, काकू, आत्या, मामा, मामी, मावशी. (आत्याच्या आणि मावशीच्या यजमानांना बहुतेक घरांत 'काका' म्हणूनच भागवतात.) यांतले चारच शब्द आपण घराबाहेर नेतो. रिक्षावाले काका असतात, दवाखान्यातल्या मावशी असतात, सिग्नलवर उभा असलेला पोलीस मामा असतो, शेजारच्या काकू असतात. पण बसमध्ये कुणी अनोळखी बाईला "अहो आत्या, जरा सरकता का?" असं म्हणत नाही. मामीही सहसा घरातच राहते.

नात्यागोत्याचा संबंध नसलेल्या माणसाला नात्याच्या शब्दाने हाक मारणं जगातल्या पुष्कळ भाषांत आहे, त्यात मराठीचं वेगळेपण नाही. कोणते शब्द बाहेर पडतात, कोणते पडत नाहीत आणि बाहेर पडलेले शब्द कुणाच्या वाट्याला येतात, हे मात्र त्या त्या समाजाचं खास असतं. मराठीपुरतं बोलायचं तर मावशी आणि काकू यांच्यातली सीमारेषा बघावी. दोन्ही शब्द आईच्या वयाच्या बाईसाठी आहेत. तरीही ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

समजा, पन्नाशीच्या आसपासची, साधी साडी नेसलेली एक बाई आहे आणि तिच्याशी बोलणारा मुलगा वीस वर्षांचा आहे. ती भाजीची टोपली घेऊन बसली असेल तर तो म्हणेल, "मावशी, मेथी कशी दिली?" तीच बाई इमारतीच्या जिन्यात भेटली आणि तिच्या हातात स्वतःच्या घराची किल्ली असली, तर ती काकू. हातात झाडू असला, तर पुन्हा मावशी. बँकेच्या काउंटरमागे बसली असेल तर मॅडम. मराठी शाळेत फळ्यापाशी उभी असेल तर बाई. वय तेच, साडी तीच, बोलणाराही तोच. बदलली ती फक्त जागा आणि तिथलं तिचं काम, आणि मुलाने तेवढ्यावरून अर्ध्या सेकंदात शब्द निवडला. त्याला विचारलं तर तो सांगेल की मी सगळ्यांशी आदरानेच बोलतो, आणि ते खोटंही नसेल.

हा निर्णय डोक्यात कोणत्या क्रमाने होतो, याचा आराखडा मांडायचा प्रयत्न सुझन अर्विन-ट्रिप या अमेरिकन भाषाअभ्यासक बाईंनी केला होता. १९७२ साली छापून आलेल्या त्यांच्या लेखात इंग्रजी संबोधनांची एक आकृती आहे. समोरचा प्रौढ आहे का, प्रसंग औपचारिक आहे का, नाव माहीत आहे का, तो नातेवाईक आहे का, अशा हो-नाहीच्या फाट्यांवरून जात जात आपण शेवटी एका संबोधनाशी पोचतो. मराठीसाठी अशी आकृती काढायची तर पहिला फाटा हुद्द्याचा ठेवावा लागेल. साहेब, सर, मॅडम, डॉक्टर, गुरुजी यांपैकी काही लागू पडत असेल तर गाडी तिथेच थांबते, नात्याचा प्रश्न येतच नाही. कलेक्टर कचेरीत खुर्चीवर बसलेल्या माणसाला कुणी काका म्हणत नाही. त्याच कचेरीच्या दारातल्या शिपायाला म्हणतात. म्हणजे नात्याचा शब्द मिळणं ही आपुलकी आहेच, पण या माणसाकडे हुद्दा नाही, अशी नोंदही त्यात होऊन जाते.

हुद्दा नाही म्हटल्यावर पुढचा फाटा वयाचा. इथे साधा नियम असा की नात्याचे शब्द वरच्या दिशेने जातात. थोरल्यांना काका, ताई, दादा, आजी, आजोबा म्हणतात, पण धाकट्या अनोळखी माणसाला पुतण्या किंवा भाची अशी हाक कुणी मारत नाही. त्याच्यासाठी फार तर बाळा, नाहीतर "ए मुला". घरातही तसंच आहे: पुतण्या काकाला काका म्हणतो, काका पुतण्याला नावाने हाक मारतो.

त्यानंतर प्रश्न येतो बाजूचा, म्हणजे आईकडची की वडिलांकडची. हिंदी-इंग्रजीतून आलेले अंकल-आंटी ही बाजू पुसून टाकतात. मराठी शब्दांना ती पुसता येत नाही. आणि इथे एक गोष्ट चटकन लक्षात येत नाही. काका-काकू हे नवरा-बायको आहेत. मामा-मावशी मात्र बहीण-भाऊ आहेत. हॉस्पिटलच्या वॉर्डात मदतनीस पुरुषांना मामा आणि बायकांना मावशी म्हणायची महाराष्ट्रात सर्रास पद्धत आहे. शाळेत घंटा वाजवणारे मामा आणि लहान मुलांना शू-शीला नेणाऱ्या मावशी असतात. सोसायटीत मात्र काका-काकू राहतात. एका बाजूला संसार मांडलेलं, घर असलेलं जोडपं आणि दुसऱ्या बाजूला आईच्या वतीने आपलं करणारी तिची भावंडं, अशी ही वाटणी झाली आहे.

असं का झालं असावं? इरावती कर्वे यांनी १९५३ साली भारतातल्या नातेव्यवस्थेवर लिहिलेल्या ग्रंथात महाराष्ट्राला उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या मधल्या पट्ट्यात ठेवलं आहे. इथे अनेक जातींत मामाची मुलगी करता येते. म्हणून जुन्या बोलण्यात सून सासऱ्याला मामंजी आणि सासूला आत्याबाई म्हणे. आत्या या शब्दावर असं सासूपण बसलेलं आहे, शिवाय वडिलांची बहीण म्हणून तिचा घरात मानपान असतो, बारशाला नाव ठेवायचा हक्क असतो. काका हा भाऊबंद, वाटेकरी. मावशीचं तसं काही नाही. ती वेगळ्या कुळात दिलेली, तिचा आपल्या घरावर हक्क नाही आणि तिच्याकडून अपेक्षा फक्त मायेची. 'माय मरो, मावशी उरो' ही म्हणही तेच सांगते. जिच्याकडून सेवा घ्यायची पण जिला अधिकार द्यायचा नाही, अशा बाईसाठी सहा शब्दांत हाच शब्द सोयीचा होता, असं मला वाटतं. हा माझा अर्थ आहे, सिद्धांत नव्हे. मामाच्या बाबतीत तो पुरता जुळतही नाही, कारण मामाला सासरा व्हायचा मान आहे आणि तरी तो वॉर्डात काम करतो. पुरुषांच्या बाबतीत रेषा एकूणच पुसट आहे: रिक्षावाले, वॉचमन, घरमालक सगळेच काका होऊ शकतात. बायकांच्या बाबतीत ती ठळक आहे, घरमालकीण मावशी होत नाही.

या शब्दांमागे कोणतं सर्वनाम येतं तेही पाहण्यासारखं आहे. रॉजर ब्राऊन आणि अल्बर्ट गिल्मन या दोघांनी १९६० साली युरोपीय भाषांतल्या 'तू' आणि 'तुम्ही'वर एक गाजलेला निबंध लिहिला. या निवडीमागे दोन ओढी असतात, एक सत्तेची आणि एक जवळिकीची, असं त्यांचं म्हणणं. मराठीत सख्ख्या मावशीला आपण "मावशी, तू कधी आलीस?" असं विचारतो. ताईलाही तूच म्हणतो. पण बसमधल्या अनोळखी बाईला "मावशी, तुम्ही बसा" म्हणतो. नात्याचा शब्द माणसाला जवळ ओढतो आणि क्रियापद त्याला हातभर लांब धरतं. उसनं नातं आणि खरं नातं ओळखायची इतकी सोपी खूण दुसरी नाही. काकांपाशी ती चालत नाही, कारण सख्ख्या काकांनाही बऱ्याच घरांत तुम्हीच म्हणतात. शिवाय ही खूण शहरी, प्रमाण वळणाच्या मराठीतली आहे. खेड्यापाड्यांत थोरामोठ्यांना एकेरी बोलण्यात अनादर नसतो, त्यामुळे तिथे तिच्यावरून काही ठरवू नये. शहरात मात्र घरकामाच्या बाईला "मावशी, उद्या लवकर ये" असं ऐकू आलं, तर ते तू मायेचं आहे की मालकीचं, हे तीही मालकिणीला तू म्हणते का यावर ठरतं. बहुधा ती म्हणत नाही.

घरकामाच्या या नात्यात वयाचा नियमच उलटा पडतो. पोळ्या करायला येणारी बाई अडतीस वर्षांची आहे आणि घरची बाई पंचेचाळीस वर्षांची. घरची तिला मावशी म्हणते, ती घरच्या बाईला ताई किंवा वहिनी म्हणते. ताईपेक्षा मावशी एक पिढी थोरली, तेव्हा कागदावर पोळ्या करणारीचा मान मोठा आहे. प्रत्यक्षात काय आहे ते सगळ्यांना माहीत असतं. मावशी हे इथे संबोधन उरलेलंच नाही, ते कामाचं नाव झालंय. "नवीन मावशी मिळाल्या का?" हा प्रश्न आईच्या बहिणीबद्दल कुणी विचारणार नाही. वहिनी म्हणण्यात आणखी एक बारकावा आहे: त्यात बाईची ओळख तिच्या नवऱ्यावरून होते. म्हणून दुकानदाराने वहिनी म्हटलेलं काही जणींना खटकतं आणि ताई चालतं.

ताई-दादांचा आणखी एक उपयोग आहे. रात्री उशिरा रिक्षात बसताना बाई "दादा, कोथरूडला येणार का?" असं विचारते, तेव्हा त्या दादाचा रिक्षावाल्याच्या वयाशी संबंध नसतो, आपल्यातलं नातं भावाबहिणीचं राहील, हे तिने आधीच जाहीर केलेलं असतं. रिक्षावाल्याने "बसा ताई" म्हटलं की ते दोन्ही बाजूंनी ठरतं. हाच शब्द चुकीच्या जागी नडतो. पांढरा कोट घातलेल्या डॉक्टर बाईला रुग्णाचे नातेवाईक ताई म्हणतात, तिच्या शेजारच्या पुरुषाला डॉक्टरसाहेब. कुणाचाही हेतू वाईट नसतो. पण हुद्द्याचा जो फाटा सगळ्यात आधी यायला हवा होता, तो तिच्यापुरता वगळला गेलेला असतो.

हुद्द्याच्या जागी नातं सरकारी पातळीवरही दिसतं. १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि गावोगाव अंगणवाड्या उभ्या राहिल्या. तिथली बाई सरकारी कागदावर सेविका आणि गावात अंगणवाडी ताई. २००५ नंतर आशा ताई आल्या. वजनं घेणं, लसीकरणाच्या याद्या, गरोदर बायकांच्या नोंदी, सर्वेक्षणं अशी कामं त्या करतात आणि त्यांच्या हाती पडतं ते वेतन नव्हे, मानधन. शब्दामुळे पगार अडला असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. पण मोर्च्यात या बायका 'आम्हाला सरकारी कर्मचाऱ्याचा दर्जा द्या' असं म्हणतात, तेव्हा त्या हुद्द्याचा तोच पहिला फाटा मागत असतात.