एक पत्ता, शेकडो माणसे: व्हीपीएनवर कॅप्चा का संपत नाही आणि चलन का चुकते

व्हीपीएन सुरू करून साधा शोध घ्यायला जावे, तर समोर "Our systems have detected unusual traffic from your computer network" असे वाक्य येते आणि त्याखाली सिग्नल किंवा बस असलेली चित्रे निवडायला सांगितली जाते. ती निवडली की आणखी चित्रे येतात, ती संपली की पुन्हा नवी. त्याच वेळी दुसऱ्या टॅबमध्ये दुकानाचे पान उघडावे, तर बुटांची किंमत रुपयांऐवजी सिंगापूर डॉलरमध्ये दिसते. या दोन तक्रारी वेगळ्या वाटल्या तरी त्यांचे मूळ एकच आहे. संकेतस्थळे आयपी पत्त्यावरून माणूस ओळखू पाहतात आणि त्याच पत्त्यावरून त्याचे ठिकाणही ठरवतात; पण या पत्त्याची रचना या दोहोंपैकी कशासाठीही झालेली नव्हती.

आजही सर्वत्र वापरात असलेली ३२ बिटांची पत्तापद्धती १९८१ मध्ये निश्चित झाली. तिच्यात सुमारे ४२९ कोटी पत्ते बसतात, आणि त्या काळी जोडलेल्या मोजक्या संगणकांसाठी ते भरपूर होते. पुढे पत्ते अपुरे पडणार हे दिसू लागल्यावर १९९४ मध्ये 'नॅट' ही तोड पुढे आली: आत कितीही संगणक असले तरी बाहेर सगळ्यांचा मिळून एकच पत्ता दिसेल. ३ फेब्रुवारी २०११ रोजी पत्त्यांचा मध्यवर्ती साठा संपला, आणि पुढच्याच वर्षी सेवादात्यांना हजारो ग्राहक थोड्या पत्त्यांमागे बसवता यावेत म्हणून `100.64.0.0/10` हा पट्टा राखून ठेवण्यात आला. म्हणजे एका पत्त्यामागे अनेक माणसे असणे ही व्हीपीएनने आणलेली विकृती नव्हे. व्हीपीएनचे सगळे ग्राहक आपल्या पत्त्याऐवजी त्याच्या सर्व्हरच्या पत्त्याने बाहेर पडतात, म्हणून व्हीपीएनने ती फक्त टोकाला नेली.

या गफलतीचे सर्वांत ठळक जुने उदाहरण कतारचे आहे. २००६ सरता सरता विकिपीडियाच्या एका प्रचालकाने खोडसाळ संपादनांमुळे एक पत्ता रोखला. तो पत्ता देशातील सेवादात्याच्या प्रॉक्सीचा होता आणि जवळपास सगळ्या कतारची ये-जा त्यातूनच होत होती, त्यामुळे एका खोडसाळाबरोबर अख्खा देश अडला. चूक लक्षात आल्यावर बंदी उठवण्यात आली. अशा सेवादात्यांपुढे एक उपाय होता: प्रत्येक विनंतीसोबत `X-Forwarded-For` या ओळीत आतल्या ग्राहकाचा पत्ता कळवायचा. व्हीपीएनला मात्र हा मार्ग मोकळा नाही, कारण आत कोण आहे हे न सांगणे हेच तर त्याने ग्राहकाला दिलेले वचन असते.

कॅप्चाचा जन्म पत्त्याशी निगडित नव्हता. १९९७ मध्ये अल्टाव्हिस्टा या शोधयंत्रात यंत्रे आपोआप पाने भरती करू लागली, तेव्हा वाकडीतिकडी अक्षरे ओळखायला लावण्याची युक्ती वापरली गेली. त्यानंतर कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकांनी तिला नाव आणि शास्त्रीय बैठक दिली. ही परीक्षा सर्वांना सारखीच होती. खरा बदल डिसेंबर २०१४ मध्ये झाला, जेव्हा गूगलने 'I'm not a robot' ही एका टिचकीची चौकट आणली. विश्वासार्ह वाटणाऱ्याला चित्रांतून सूट मिळाली आणि संशयिताच्या वाट्याला ती जास्त आली. हा विश्वास ठरवताना ब्राउझर, कुकी आणि वागणुकीबरोबरच पत्त्याची पतही तोलली जाऊ लागली. माझ्या मते आजच्या त्रासाची सुरुवात इथे आहे, कारण या सवलतीचा भार ज्यांच्याविषयी काहीच माहीत नाही अशांवर सरकला. मार्च २०१६ मध्ये संकेतस्थळांना संरक्षण पुरवणाऱ्या क्लाउडफ्लेअर कंपनीने वापरणाऱ्याची ओळख लपवणाऱ्या टॉर जाळ्यातून येणाऱ्या ९४ टक्के विनंत्या उपद्रवी असल्याचे म्हटले. टॉर प्रकल्पाने त्या आकड्यामागील मोजणीवरच आक्षेप घेतला. पत्त्यावरून मोजले, तर एका उपद्रवी माणसामुळे त्याच वाटेने येणारे सगळेच उपद्रवी ठरतात, हा त्या वादातला कळीचा मुद्दा होता.

प्रत्यक्षात काय घडते ते एका कल्पित मोजणीवरून पाहू. व्हीपीएनच्या एका सर्व्हरवर ४०० जण आहेत आणि प्रत्येक जण मिनिटाला ३ शोध घेतो. शोधयंत्राला एकाच पत्त्यावरून मिनिटाला १२०० शोध, म्हणजे सेकंदाला २० शोध दिसतात. कोणताही माणूस असे करत नाही, म्हणून पत्ता संशयित ठरतो. आणि त्या ४०० जणांत एखादा किमती खरवडणारा प्रोग्राम चालवत असेल, तर पत आणखी घसरते. आपण कॅप्चा सोडवला तरी मोजणी थांबत नाही, कारण बाकीचे ३९९ जण तिच्यात भर घालतच असतात. शिवाय कॅप्चा सोडवल्याची खूण कुकीत राहते आणि अनेक ठिकाणी ती त्या पत्त्याशी बांधलेली असते. जोडणी तुटून दुसरा पत्ता मिळाला, किंवा आपण खासगी खिडकी बंद केली, की ती खूण वाया जाते. चित्रे निवडताना आपले चुकले असे लोकांना वाटते, पण बहुधा त्यांचे काही चुकलेले नसते. त्याच ब्राउझरमध्ये व्हीपीएन बंद करताच कॅप्चा गायब झाला, तर दोष पत्त्याच्या पतीचा आहे असे समजावे.

चलनाची कथा याच पत्त्याची दुसरी बाजू आहे. पत्त्यांचे गट कोणत्या संस्थेला दिले याची नोंद प्रादेशिक नोंदणीसंस्था ठेवतात; वापरणारा कुठे बसला आहे याची नोंद त्यांच्याकडे नसते. या नोंदी आणि काही मोजमापे यांवरून खासगी कंपन्या पत्ता-ते-देश अशी कोष्टके बनवतात आणि दुकाने ती वापरतात. साठा संपल्यावर पत्त्यांची खरेदी-विक्री सुरू झाली. गट एका देशातून दुसऱ्या देशात गेला, तरी प्रत्येक कोष्टक वेगवेगळ्या दिवशी सुधारले जाते. म्हणून ऑगस्ट २०२० मध्ये एक नमुना प्रसिद्ध झाला, ज्यानुसार पत्तेधारक स्वतःच आपल्या पत्त्यांचे ठिकाण जाहीर करू शकतो:

```
203.0.113.0/24,IN,IN-MH,Mumbai,
```

ही ओळ म्हणजे स्वयंघोषणा आहे. सर्व्हर मुंबईतच असला पाहिजे अशी सक्ती तिच्यात नाही, आणि ती मानायची की नाही हे कोष्टक बनवणाऱ्यावर सोडलेले आहे.

भारताच्या बाबतीत हा फरक २०२२ मध्ये उघड झाला. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेने २८ एप्रिल रोजी व्हीपीएन सेवांना ग्राहकांच्या नोंदी पाच वर्षे ठेवण्याचा आदेश दिला, तेव्हा काही मोठ्या सेवांनी भारतातील आपले सर्व्हर काढून घेतले. देशांच्या यादीतील 'भारत' मात्र काहींनी कायम ठेवला. पत्ता भारताचा म्हणून जाहीर केलेला आणि यंत्र सिंगापूरला किंवा ब्रिटनमध्ये. न्यू जर्सीत राहणाऱ्या एखाद्या मराठी गृहस्थाने पुण्यातील आईसाठी खरेदी करताना असे 'भारत' निवडले आणि ब्राउझरमध्ये `https://www.cloudflare.com/cdn-cgi/trace` उघडले, तर त्याला इतर ओळींबरोबर असे दिसू शकते:

```
ip=203.0.113.25
colo=SIN
loc=IN
```

कोष्टकाच्या लेखी तो भारतात आहे, पण त्याची विनंती सिंगापूरच्या केंद्रात पोहोचली आहे. स्वयंघोषणा मानणारे दुकान त्याला रुपये दाखवील. जुन्या नोंदीवर किंवा जाळ्यातील अंतराच्या मोजमापावर चालणारे दुकान सिंगापूर डॉलर दाखवील. `loc` बरोबर असूनही एखाद्या दुकानात चलन चुकत असेल, तर आधी तेच पान खासगी खिडकीत उघडून पाहावे, कारण काल दुसऱ्या देशातून जोडलेले असताना साठलेली कुकीही जुने चलन धरून ठेवते.

पत्त्याऐवजी दुसरा पुरावा वापरण्याचे प्रयत्न २०१७ पासून सुरू आहेत. 'प्रायव्हसी पास' या पद्धतीत एकदा परीक्षा दिली की ब्राउझरला काही टोकन मिळतात आणि पुढच्या वेळी टोकन दाखवून कॅप्चा टाळता येतो; ते कोणाला दिले होते, हे टोकनावरून जुळवता येत नाही. या पद्धतीची प्रमाणे जून २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यामुळे कॅप्चा कमी होऊ शकतो, पण टोकनात देश नसतो, त्यामुळे चलनाचा घोळ त्या कोष्टकांवरच अवलंबून राहतो.