ताळा जुळला, तरी उत्तर चूक

भागाकाराची गणितं तपासताना उत्तरसूची बाजूला ठेवा. बाकी उरणाऱ्या भागाकारात उत्तर आपलं आपणच तपासून घेता येतं: भाजक गुणिले भागाकार, त्यात बाकी मिळवली की भाज्य परत यायला हवा. यालाच ताळा पाहणं म्हणतात.

मुलांची नेहमीची चूक घ्या. ६१५३ ला ६ ने भागायचंय. सहाला भाग १ वेळा गेला, खाली १ घेतला. एकाला सहाचा भाग जात नाही, म्हणून वर शून्य लिहायला हवं. मूल ते विसरून पुढचा ५ खाली घेतं आणि उत्तर येतं १२५, बाकी ३. ताळा: ६ × १२५ = ७५०, अधिक ३ म्हणजे ७५३. सहा हजारांच्या जागी सातशे! शून्य गळलंय हे मुलाला आपणहून दिसतं. बरोबर उत्तर १०२५, बाकी ३.

आता ही वही बघा. ४७९ भागिले ८, उत्तर ५८, बाकी १५. ताळा: ८ × ५८ = ४६४, अधिक १५ म्हणजे ४७९. तंतोतंत! तरी उत्तर चूक आहे, कारण पंधरात अजून एक आठ दडलाय. तो काढला की ५९, बाकी ७. ताळा फक्त बेरीज जुळते का ते सांगतो. वाटणी पुरी झाली का, ते सांगत नाही. म्हणून गुणायच्या आधी एक नजर बाकीवर टाकायला शिकवावं: ती भाजकापेक्षा लहानच हवी. मोठी किंवा भाजकाइतकीच असेल, तर अख्खं गणित खोडायची गरज नाही, बाकीतून भाजक वजा करून भागाकार एकाने वाढवायचा.

तिसरी चूक मात्र लबाड आहे. ५६२ भागिले ७. मुलाच्या डोक्यात 'सात आठे चोपन्न' पक्कं बसलेलं. म्हणून ५६ मधून ५४ गेले, उरले २. खाली २ घेतला, झाले २२. सात त्रिक एकवीस, बाकी १. उत्तर ८३, बाकी १. ताळा करतानाही तोच पाढा: सात त्रिक एकवीस, हातचे २, सात आठे चोपन्न, अधिक २ छप्पन्न. गुणाकार ५६१, अधिक १ म्हणजे ५६२. जुळलं! बाकीही सातापेक्षा लहान. खरं उत्तर आहे ८०, बाकी २.

इथे ताळा आंधळा ठरतो, कारण भागताना आणि गुणताना एकच चुकीचा पाढा वापरलाय. मला अशा वेळी पाढा टाळून दुपटीने जायला सांगायला आवडतं: ८३ ची दुप्पट १६६, त्याची दुप्पट ३३२. चार वेळा, दोन वेळा आणि एक वेळा मिळून सात: ३३२ + १६६ + ८३ = ५८१. त्यात १ मिळवला की ५८२. वीस जास्त कुठून आले, ते शोधताना मूल 'सात आठे'पाशी येऊन थांबतं.