घासलेले ठसे आणि हजेरीचं मशीन

हाताने कष्टाचं काम करणाऱ्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजून इतक्या सपाट होतात की हजेरीचं मशीन त्या ओळखतच नाही, यालाच घासलेले ठसे म्हणतात. बोलताना लोक सरळ 'अंगठा लागत नाही' नाहीतर 'मशीन बोट घेत नाही' असं म्हणतात. गवंडी, बिगारी, वीटभट्टीवरचे, दगड फोडणारे, भांडी घासणारे, साफसफाईवाले, असे बरेच जण यात येतात. माणूस वेळेवर गेटवर आलेला असतो, चार चार वेळा बोट ठेवतो, मागे लाईन खोळंबलेली असते आणि महिनाअखेरीला बघावं तर त्याच्या नावावर खाडा. हा अन्याय आहे आणि बहुतेक वेळा टाळता येण्यासारखा आहे, कारण घोळ गेटवर दिसत असला तरी तो झालेला असतो नोंदणीच्या दिवशी.

रेषा जातात कुठे

बोटावरच्या दोन रेषांमधलं अंतर साधारण अर्धा मिलिमीटर असतं. मशीनचा सेन्सर बहुतेक ५०० डीपीआयचा असतो, म्हणजे एका मिलिमीटरला सुमारे २० ठिपके, म्हणजे एक रेष आणि तिच्या शेजारची खाच मिळून जेमतेम १० ठिपक्यांत बसते. मशीन पूर्ण ठशाचा फोटो जुळवत बसत नाही, रेष कुठे संपते आणि कुठे फुटून तिच्या दोन होतात ते बिंदू शोधतं, आणि त्या बिंदूंची जागा आणि दिशा साठवून ठेवतं, त्याला टेम्प्लेट म्हणतात. नंतर रोज बोट ठेवलं की नवे बिंदू काढून जुन्या टेम्प्लेटशी ताडून बघतं.

आता गवंड्याचं बोट घ्या. वाळू आणि विटेने रेषांचे उंचवटे घासले जातात, ओलं सिमेंट प्रचंड अल्कली असतं म्हणून ते कातडी कोरडी करून सोलून काढतं, वर बारीक भेगा पडतात. साध्या ऑप्टिकल सेन्सरमध्ये काचेला जिथे कातडी नीट टेकते तिथे काळी रेष उमटते, कोरडी कातडी नीट टेकतच नाही, त्यामुळे एक सलग रेष तुकड्या-तुकड्यांत दिसते. मशीनला प्रत्येक तुकड्याचं टोक म्हणजे 'रेष संपली' असा नवा बिंदू वाटतो, भेग गेली तिथे आणखी दोन खोटी टोकं. म्हणजे बिंदू मिळत नाहीत असं नाही, खोटे बिंदू भरपूर मिळतात आणि खरे त्यात हरवतात. बोट फार ओलं असेल तर उलटं होतं, खाचा पाण्याने भरतात आणि सगळं मिळून एक काळा डाग उमटतो.

पण रेषा कायमच्या गेलेल्या नसतात. त्यांचा साचा वरच्या कातडीच्या खाली, आतल्या थराच्या सीमेवर असतो, आणि वरची कातडी साधारण महिनाभरात नवी येते, त्यामुळे काम थांबलं की काही दिवसांतच रेषा पुन्हा उठू लागतात आणि पूर्ण साफ व्हायला तीन-चार आठवडे लागू शकतात. खोल जखम किंवा भाजलं असेल, काही केमोथेरपीची औषधं चालू असतील, तर गोष्ट वेगळी, आणि क्वचित कोणाला जन्मतःच रेषा नसतात. वय झालं की रेषा तशाही सपाट होतात, म्हणून वयस्कर बिगाऱ्याला दुहेरी त्रास.

बोट की काच, आधी हे ओळखा

दोष कामगाराच्या बोटावर टाकण्याआधी मशीनचा लॉग काढून बघा. एकाच दिवशी पुष्कळ लोकांचं बोट लागलं नसेल तर काच मळलेली आहे, सिमेंटची पूड नाहीतर तेलाचा थर बसलाय, नाहीतर सेन्सरवर थेट ऊन पडतंय. मऊ कोरड्या कापडाने काच पुसली की बऱ्याच तक्रारी तिथेच मिटतात. तेच ते पाच-सहा जण रोज अडत असतील तर मात्र प्रश्न बोटाचा. आणि सगळ्यात बोलकी खूण म्हणजे सकाळचा पंच आहे पण संध्याकाळचा नाही, किंवा सुट्टीनंतरच्या दिवशी सगळं ठीक आणि आठवड्याच्या शेवटी सगळं बिघडलेलं, हे दिसलं की समजायचं कातडी दिवसभरात घासतेय आणि टेम्प्लेट मात्र ताज्या बोटाचं आहे.

एक उदाहरण पूर्ण

समजा एक गवंडी कामावर रुजू झाला. गावाहून पंधरा दिवसांनी आलाय, हात बरे झालेले, ऑफिसात क्लार्कने उजवा अंगठा तीनदा दाबून घेतला, मशीन खुश, नोंदणी झाली. आठवडाभर चाललं. नवव्या दिवशी प्लास्टरचं काम लागलं आणि संध्याकाळी अंगठा लागेना. सकाळी लागायचा, संध्याकाळी नाही, म्हणून रोज आत येण्याची वेळ आहे आणि जाण्याची नाही, सॉफ्टवेअरने असे सगळे दिवस हाफ डे धरले. कोणी म्हटलं हात धुवून ये, तो ओल्या हातानेच आला, तेव्हा काळा डाग. मुकादमाने वैतागून मशीनची मर्यादा, म्हणजे ठसा किती जुळला की मशीन 'हो' म्हणतं ती पातळी, खाली आणायला सांगितली.

इथेच थांबायला हवं होतं, कारण मर्यादा खाली आणणं हा सगळ्यात धोक्याचा उपाय आहे. साधा हिशोब करू. साईटवर ३०० लोक, प्रत्येकाची २ बोटं, म्हणजे ६०० टेम्प्लेट. नुसतं बोट ठेवलं की मशीन त्या सगळ्यांशी ताडून बघतं. एका तुलनेत चुकून जुळायची शक्यता १ लाखात १ धरली तर एकदा बोट ठेवल्यावर दुसऱ्याच कोणाशी जुळायची शक्यता ६०० भागिले १ लाख, म्हणजे साधारण १६७ मध्ये १. मर्यादा सैल करून ती तुलना १० हजारात १ वर आणली तर हीच शक्यता १७ मध्ये १ होते. म्हणजे गवंड्याची हजेरी लागते खरी, पण कधी कधी दुसऱ्याच्याच नावावर, आणि मशीन आनंदाने 'थँक्यू' म्हणतं म्हणून कोणाला कळतही नाही. बोट लागलं नाही तर माणूस निदान तक्रार तरी करतो, चुकीच्या नावावर लागलं तर पगाराच्या दिवशी भांडणच होतं.

त्याच गवंड्याला आधी स्वतःचा नंबर टाईप करायला सांगितला आणि मग बोट ठेवायला लावलं तर मशीन फक्त त्याच्याच २ टेम्प्लेटशी ताडतं. १० हजारात १ अशी सैल मर्यादा ठेवली तरी शक्यता ५ हजारात १ उरते. म्हणजे सैल मर्यादा फक्त नंबर टाकून येणाऱ्यांसाठी ठेवायची, बाकीच्यांची कडक तशीच. बऱ्याच मशीनच्या मेनूत या दोन मर्यादा वेगवेगळ्या दिलेल्या असतात, लोक मात्र दोन्ही एकदमच खाली आणतात.

नोंदणी परत करायची ती अशी

उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी कामात सगळ्यात जास्त घासतात आणि आपण नेमकी तीच नोंदवतो, निव्वळ सवयीने. उजव्या हाताने थापी धरणाऱ्याचं डाव्या हाताचं मधलं बोट आणि अनामिका बघा, तिथे रेषा बऱ्याचदा शाबूत असतात. पण हे प्रत्येकाचं वेगळं, वीट डाव्या हाताने उचलत असेल तर डावीही गेलेली असणार. म्हणून दहाही बोटं मशीनवर एकेकदा ठेवून बघायची, ज्यांची गुणवत्ता मशीन चांगली दाखवतं त्यातली दोन-तीन घ्यायची, आणि दोन्ही हातांची मिळून घ्यायची म्हणजे एका हाताला पट्टी बांधली तरी दुसरा आहे.

बोट साबणाने धुवून पूर्ण कोरडं करायचं, कातडी फारच कोरडी असेल तर थोडं क्रीम चोळून पाच मिनिटं थांबायचं आणि वरचं पुसून टाकायचं. गेटवर क्रीम नसेल तर बोट कपाळावर फिरवलं तरी थोडा तेलकटपणा येतो, जुने लोक हे आपसूक करतात. बोटाचा शेंडा टेकवायचा नाही, पेराच्या मधला भोवऱ्याचा भाग काचेच्या मधोमध आला पाहिजे, आणि बोट सपाट ठेवून जरासा दाब द्यायचा.

आता मुख्य मुद्दा. नोंदणी झाली की तिथल्या तिथे बोट लागतंय का एवढंच बघून लोक मोकळे होतात, त्या वेळी ते लागणारच, दोन मिनिटांपूर्वीच तर घेतलंय. खरी परीक्षा तिसऱ्या-चौथ्या दिवशी संध्याकाळी, काम संपल्यावर, न धुतलेल्या नाही पण रोजच्यासारख्या धुतलेल्या हाताने. त्या वेळी पाचपैकी चारदा लागलं तर ते बोट ठेवायचं, नाहीतर काढून दुसरं घ्यायचं, हे पाचपैकी चार माझं मत आहे, पण कुठलाही आकडा ठरवून सगळ्यांना एकच लावला तरी चालेल.

मशीन पुन्हा पुन्हा नाकारत असताना जबरदस्तीने नोंदणी पूर्ण करू नये. चार-पाचच बिंदूंचं टेम्प्लेट बनलं तर ते भलत्याच लोकांशी जुळतं. त्याहून वाईट म्हणजे काम उरकायला क्लार्क स्वतःचं किंवा शेजारी उभ्या असलेल्याचं बोट त्या नावावर घेतो, असं होतं, आणि मग कामगाराला जन्मात अंगठा लागत नाही आणि दोष त्याच्या हातांना.

बोटाशिवाय दुसरी वाट

दहा बोटांतून एकही धड मिळालं नाही तर तिथेच, त्याच दिवशी, दुसरी सोय नोंदवून द्यायची, खाडे पडायची वाट बघायची नाही. कार्ड सगळ्यात सोपं, पण ते दुसऱ्याच्या हातात देता येतं, म्हणून कार्ड दाखवताना मशीन फोटो काढून ठेवत असेल तर तेच निवडावं. नुसता पिन कार्डापेक्षाही कच्चा, तो तोंडी सांगता येतो. चेहऱ्याचं मशीन हातांच्या झिजेपासून पूर्ण मोकळं आहे, फक्त नोंदणी हेल्मेट आणि धुळीचा मास्क काढून करायची आणि मशीनसमोर ऊन येणार नाही अशी जागा बघायची, नाहीतर तिथेही तीच रांग. तळहाताच्या शिरा वाचणारं मशीन आतलं रक्त बघतं, शिरांमधलं रक्त जवळचा अवरक्त प्रकाश शोषतं म्हणून शिरा गडद दिसतात, वरची कातडी घासली तरी फरक पडत नाही, मात्र हात गारठलेले असले की शिरा आकसतात आणि वाचन कच्चं होतं. मल्टिस्पेक्ट्रल सेन्सरही आहेत, ते वेगवेगळ्या रंगांचा प्रकाश टाकून कातडीखालचा साचा वाचतात, म्हणजे बोटच ठेवायचं पण सपाट झालेलंही चालतं, हे मशीन मात्र साध्यापेक्षा महाग पडतं.

आणि मशीन बंद पडलं, कार्ड हरवलं, हाताला टाके पडले, अशा वेळी वहीतली हजेरी राहतेच. तिचा नियम आधी ठरलेला हवा: त्याच दिवशी लिहायची, कारण लिहायचं, कामगार आणि मुकादम दोघांची सही, आणि सॉफ्टवेअरमध्ये ती नोंद 'हाताने भरलेली' म्हणून वेगळी दिसली पाहिजे. महिन्याच्या शेवटी ही वेगळी नोंद ज्याच्या नावावर तीनपेक्षा जास्त वेळा दिसेल त्याला बोलवून त्याची बोटं परत तपासायची, हात कामानुसार बदलतात, प्लास्टर संपून तो सेंटरिंगला गेला असेल तर कदाचित आता दुसरंच बोट चांगलं असेल.