श्रावण पाळणाऱ्याला व्यसन असतं का?

"डॉक्टर, मी श्रावणात थेंबाला शिवत नाही. मला कुठलं व्यसन?" गटारीला भरपूर पिऊन दुसऱ्या दिवसापासून महिनाभर बंद, हा नेम आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. तो पाळता आला म्हणजे दारू ताब्यात आहे, असा समज घट्ट बसला आहे. मानसोपचारतज्ज्ञ मात्र मागच्या सलग १२ महिन्यांबद्दल विचारतात. श्रावण त्यातला एक महिना.

'अल्कोहोल यूज डिसऑर्डर' हे निदान रक्ततपासणीत दिसत नाही. अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनच्या डीएसएम-५ या २०१३ च्या नियमावलीत त्यासाठी ११ लक्षणं दिली आहेत. त्यांतली दोन जरी त्या १२ महिन्यांत आढळली आणि पिण्यामुळे त्रास किंवा नुकसान होत असेल, तर निदान होतं. दोन-तीन लक्षणं म्हणजे सौम्य, चार-पाच म्हणजे मध्यम, सहा किंवा जास्त म्हणजे तीव्र. किती पेग किंवा किती मिली हा आकडा त्या ११ मध्ये कुठेच नाही.

एक कल्पित उदाहरण घेऊ. बेचाळिशीचे गृहस्थ, नोकरी व्यवस्थित, श्रावण कडक. डॉक्टर विचारतात, "ठरवता तेवढंच पिता का?" ठरतात दोन पेग, संपते अख्खी क्वार्टर, आणि हे नेहमीचंच. एक. पूर्वी दोन पेगांत जेवढी चढायची तेवढी चढायला आता चार लागतात. दोन. पिऊन मोटरसायकलवर घरी येणं वर्षात अनेकदा झालं. तीन. त्यावरून बायकोशी सतत भांडणं होतात, तरी पिणं चालूच. चार.

सोनोग्राफीत यकृतावर चरबी दिसली आहे. हे पाचवं लक्षण धरायचं का? इथे नियम बारीक आहे. हा त्रास दारूमुळे होतोय किंवा वाढतोय, हे कळूनही माणूस पीत राहिला, तरच ते मोजायचं. यांना कुणी तसं सांगितलंच नव्हतं, म्हणून आज ते धरलं जात नाही. मात्र डॉक्टरांनी आज नीट समजावल्यावरही पिणं चालू राहिलं, तर पुढच्या भेटीत धरलं जाईल. तलफ, कामातली हयगय, सोडायचे फसलेले प्रयत्न, पिण्यापायी सोडलेले छंद, पिण्यात आणि उतरण्यात जाणारा वेळ, बंद केल्यावरची थरथर, या सगळ्यांना उत्तर 'नाही' आलं. घरच्यांनाही विचारून खात्री केली. एकूण चार, म्हणजे मध्यम.

पण नुसतं मोजायचं कशाला? मला यातला हाच भाग सर्वांत आवडतो. २०१३ पूर्वी दोन वेगळी निदानं होती, गैरवापर आणि अवलंबित्व, आणि पहिलं दुसऱ्याची पायरी मानलं जाई. अवलंबित्वाला तीन लक्षणं लागत, गैरवापराला त्याच्या यादीतलं एक पुरे. त्यामुळे अवलंबित्वाची दोन असलेला, पण गैरवापराचं एकही नसलेला माणूस दोन्हींतून सुटायचा. हजारो लोकांची उत्तरं तपासली तेव्हा दोन्ही याद्या एकाच मोजपट्टीवर एकमेकींत मिसळलेल्या आढळल्या. परीक्षेत काही प्रश्न सोपे, काही अवघड असतात, पण सगळे एकाच विषयाचे. तसंच हे. 'ठरवल्यापेक्षा जास्त पिणं' पुष्कळांत सापडतं, 'पिण्यापायी आवडीच्या गोष्टी सोडणं' बहुधा पुढे गेलेल्यांत. लक्षणांना कमीजास्त वजन देऊनही पाहिलं, साध्या बेरजेपेक्षा फारसं काही हाती आलं नाही. मग दोन्ही याद्या एक झाल्या, पोलीस-कोर्टाचं लक्षण गळलं आणि तलफ आत आली.

आता थोडं गणित. ११ लक्षणांच्या हो-नाहीच्या २,०४८ जुळण्या होतात. त्यांपैकी सौम्यच्या २२०, मध्यमच्या ७९२ आणि तीव्रच्या तब्बल १,०२४. म्हणजे 'सौम्य' शिक्का असलेल्या दोघांत एकही लक्षण सारखं नसू शकतं. बेरीज आजार किती पसरलाय ते सांगते, कोणत्या रूपात पसरलाय ते नाही.

म्हणूनच 'पिणाऱ्याला न सांगता दारू सोडवा' अशा पुड्यांच्या जाहिराती मला भयंकर वाटतात. पुडीत काय आहे ते कळत नाही आणि जेवणात मिसळणाऱ्याने समोरच्या माणसाचं एकही लक्षण तपासलेलं नसतं. दारू सोडवण्यासाठी दिलं जाणारं डायसल्फिरामसारखं औषध नकळत पोटात असताना दारू प्यायली, तर चेहरा लाल होऊन उलट्या होतात, रक्तदाब कोसळू शकतो, जीवही जाऊ शकतो.

बेरजेत एक मोठी फट आहे. कुणाला दोनच लक्षणं आहेत, पण ती नशा चढायला जास्त लागणं आणि बंद केल्यावर थरथर ही. कागदावर हा माणूस 'सौम्य'. पण अशा शरीराची दारू एकाएकी तोडली, तर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि दोन ते चार दिवसांत भ्रम, भास, ताप, प्रचंड घाम अशी जीवघेणी अवस्था येऊ शकते. म्हणून बेरीज कितीही येवो, डॉक्टर एक प्रश्न वेगळा विचारतात: "गेल्या श्रावणात दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरले होते का?" उत्तर 'हो' आलं, तर यंदाचा श्रावण डॉक्टरांच्या देखरेखीत, औषधं घेऊन सुरू करायचा.